चेहऱ्याची आग आणि डबीतला दिलासा

चेहरा झोंबायला लागला की आपण बहुतेक वेळा त्यावर आणखी काहीतरी लावतो. पूर्वी घरात कोरफडीचा गर किंवा दुधाची साय असायची. आता ती जागा एका हिरवट ट्यूबने घेतली आहे. तिच्यावर ‘सिका’ असं लिहिलेलं असतं, खाली एखादं गोल पान काढलेलं असतं आणि ‘त्वचा शांत करते’ असं आश्वासन असतं. ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचली तर तीन नावं जवळपास हमखास भेटतात: सेंटेला, पॅन्थेनॉल आणि अ‍ॅलँटॉइन. दोनशे रुपयांच्या ट्यूबवर तीच आणि दोन हजारांच्या डबीवरही तीच. ही तीन द्रव्यं चिडलेल्या त्वचेसाठी खरोखर काय करतात आणि त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवू नये, हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण आग होत असताना घेतलेला चुकीचा निर्णय महिनाभर पुरतो.

एक नेहमी दिसणारं उदाहरण घेऊ. पंचविशीतली एक मुलगी आहे. रोज रात्री रेटिनॉलचं सीरम, एक दिवसाआड ग्लायकोलिक अ‍ॅसिडचं टोनर आणि सकाळ-संध्याकाळ भरपूर फेस होणारा फेसवॉश, असा तिचा क्रम आहे. पहिले काही आठवडे चेहरा तुकतुकीत दिसतो. मग नाकाच्या कडांना पापुद्रे सुटतात, गाल लालसर राहू लागतात आणि एके दिवशी साध्या पाण्यानेही चुरचुरतं. इतके दिवस वापरलेलं, कधीच न झोंबलेलं मॉइश्चरायझरही अचानक झोंबायला लागतं.

त्वचेचा सर्वांत वरचा थर कागदापेक्षाही पातळ असतो. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी असते. मेलेल्या चपट्या पेशी या विटा आणि त्यांच्यामध्ये भरलेले सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं हा चुना. फेसाळ फेसवॉश हे स्निग्ध पदार्थ धुऊन नेतो, अ‍ॅसिड पेशींमधले सांधे सैल करतं आणि रेटिनॉलमुळे खालच्या पेशी पुरत्या तयार होण्याआधीच वर येऊ लागतात. तिन्ही एकदम चालू असले की थराला डागडुजी करायला वेळच मिळत नाही. आतलं पाणी वाफ होऊन बाहेर जातं, बाहेरची द्रव्यं एरवी पोचली नसती इतकी आत शिरतात, तिथल्या मज्जातंतूंची टोकं चाळवली जातात आणि बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. आग, चुरचुर, लाली आणि ओढल्यासारखी वाटणारी कातडी ही सगळी त्याचीच लक्षणं.

आता यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हा थर स्वतःहून दुरुस्त होतो. चिकटपट्टीने तो थर खरवडून काढून तो परत कसा येतो, हे संशोधकांनी वारंवार मोजलं आहे. तरुण आणि निरोगी त्वचेत पहिल्या काही तासांतच खालच्या पेशी स्निग्ध पदार्थ बाहेर सोडू लागतात. सुमारे बारा तासांत निम्म्याहून अधिक गळती थांबते आणि साधारण तीन दिवसांत थर बराचसा पूर्ववत होतो. वय वाढलं की हा वेग मंदावतो. आठवडेच्या आठवडे छळलेल्या त्वचेला तर दोन ते चार आठवडे लागू शकतात. पण दिशा तीच असते. त्रास देणारी वस्तू थांबवली की त्वचा बरी व्हायला लागते.

याचा सरळ अर्थ असा की चेहरा लाल झाल्यावर माणूस सहसा दोन गोष्टी एकाच दिवशी करतो. जुनं सगळं बंद करतो आणि नवी ‘शांत करणारी’ क्रीम आणतो. आठवड्याने चेहरा निवळतो आणि सगळं श्रेय क्रीमला मिळतं. त्यातलं किती श्रेय बंद केलेल्या टोनरचं होतं, किती क्रीममधल्या साध्या ग्लिसरीनचं आणि किती सेंटेलाचं, हे आपल्याला घरबसल्या कळत नाही. म्हणून या तीन द्रव्यांची पारख करताना एकच प्रश्न विचारावा लागतो: ते द्रव्य नसलेल्या तशाच क्रीमपेक्षा ते असलेली क्रीम किती जास्त काम करते?

या कसोटीवर तिघांपैकी पॅन्थेनॉल मला सर्वांत भरवशाचं वाटतं. ब गटातल्या पाचव्या जीवनसत्त्वाचं, म्हणजे पँटोथेनिक आम्लाचं, हे पूर्वरूप आहे. त्वचेत शिरल्यावर त्याचं त्या आम्लात रूपांतर होतं. पेशी ते को-एन्झाइम ए बनवायला वापरतात आणि स्निग्ध पदार्थ तयार करायला हेच को-एन्झाइम लागतं. शिवाय ग्लिसरीनप्रमाणे ते पाणी धरून ठेवतं. त्याची परीक्षा घेण्याची पद्धतही साधी आहे. साबणातला एक तीव्र घटक, सोडियम लॉरिल सल्फेट, हातावर लावून त्वचा मुद्दाम चिडवतात. मग एका भागावर पॅन्थेनॉल असलेली क्रीम आणि दुसऱ्या भागावर त्याच बनावटीची पण पॅन्थेनॉल नसलेली क्रीम लावतात आणि त्वचेतून किती पाणी उडून जातं ते यंत्राने मोजतात. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका जर्मन अभ्यासात पॅन्थेनॉलच्या बाजूचा थर लवकर सावरला, तिथला ओलावा वाढला आणि लालीही कमी झाली. औषधी मलमांमध्ये त्याचं प्रमाण सहसा 5 टक्के असतं. सौंदर्यप्रसाधनांत ते पुष्कळदा 1 टक्क्याच्या आसपास असतं. ओलावा वाढवायला तेवढंही उपयोगी पडतं.

पण त्याच पॅन्थेनॉलची दुसरी बाजूही सांगायला हवी. 1996 साली नॉर्वेतल्या एका चाचणीत स्तनाच्या आणि स्वरयंत्राच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या रुग्णांच्या त्वचेवर पॅन्थेनॉलची क्रीम लावली आणि क्रीम न लावलेल्या त्वचेशी तिची तुलना केली. किरणांनी होणारी होरपळ थांबवण्यात तिचा लक्षात घेण्याजोगा फायदा दिसला नाही. साबणाने चिडलेली कातडी आणि किरणांनी भाजलेली कातडी वरून सारखी लाल दिसली तरी आत चाललेलं वेगळं असतं. पहिल्या ठिकाणी जे चाललं ते दुसऱ्या ठिकाणी चालेलच असं नाही.

अ‍ॅलँटॉइनची कहाणी याहून नाट्यमय आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी शल्यचिकित्सक विल्यम बेअर यांच्या लक्षात आलं की रणांगणावर कित्येक दिवस पडून राहिलेल्या काही सैनिकांच्या जखमांत अळ्या पडल्या होत्या, तरीही त्या जखमा आश्चर्यकारकरीत्या स्वच्छ होत्या. पुढे अळ्यांनी जखमा बऱ्या करण्याचा उपचारच सुरू झाला. 1935 साली विल्यम रॉबिन्सन या कीटकशास्त्रज्ञाने अळ्यांच्या स्रावातलं अ‍ॅलँटॉइन हे जखम भरायला मदत करतं असं मांडलं. त्याच्याही आधी, 1912 च्या सुमारास, चार्ल्स मॅकॅलिस्टर या इंग्रज डॉक्टरांनी युरोपात जखमांवर वापरल्या जाणाऱ्या कॉम्फ्री या वनस्पतीच्या मुळातल्या अ‍ॅलँटॉइनविषयी लिहिलं होतं. आज क्रीममध्ये असतं ते अ‍ॅलँटॉइन कारखान्यात बनतं. त्यात अळीही नसते आणि मूळही नसतं, आणि ते चांगलंच आहे, कारण ते शुद्ध असतं.

अ‍ॅलँटॉइन वरच्या कोरड्या थराला मऊ करतं आणि त्वचेवर संरक्षक लेप म्हणून काम करतं. अमेरिकेत विनाचिठ्ठी मिळणाऱ्या ‘त्वचा-रक्षक’ औषधांच्या यादीत ते आहे. तिथे त्याचं ठरलेलं प्रमाण अर्धा ते 2 टक्के. मात्र साध्या तापमानाच्या पाण्यात ते जेमतेम अर्धा टक्का विरघळतं. त्याहून जास्त घातलं की थंड झाल्यावर त्याचे खडे होतात आणि क्रीम रवाळ लागते. त्यामुळे पाण्यासारख्या टोनरवर ‘अ‍ॅलँटॉइनयुक्त’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं दिसलं तर त्यात ते फार नसणार, हे गृहीत धरायला हरकत नाही.

या द्रव्याची सर्वांत कडक परीक्षा एका दुर्मीळ आणि अतिशय वेदनादायी आनुवंशिक आजारात झाली. एपिडर्मोलिसिस बुलोसा या आजारात नुसत्या घर्षणाने मुलांच्या कातडीला फोड येतात आणि ती सोलवटते. 6 टक्के अ‍ॅलँटॉइन असलेली क्रीम या रुग्णांच्या अंगाला लावायची, आणि तुलनेसाठी दुसऱ्या गटाला अ‍ॅलँटॉइन वगळून तीच क्रीम द्यायची, अशी मोठी चाचणी झाली. 2017 साली तिचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांत दोन्ही गटांतल्या सुमारे निम्म्या रुग्णांची निवडलेली जखम पूर्ण भरली. अ‍ॅलँटॉइनचा वेगळा फायदा दिसला नाही. आई-वडिलांच्या दृष्टीने ही बातमी जड होती. मला मात्र त्यातली एक गोष्ट विसरण्यासारखी वाटत नाही. अ‍ॅलँटॉइन नसलेल्या क्रीमनेही निम्मे रुग्ण तितकेच बरे झाले. ज्याला आपण ‘नुसता बेस’ म्हणून सोडून देतो, ते तेल, पाणी आणि मेण यांचं मिश्रण, आणि त्याबरोबर रोजची काळजी, हेच मोठं काम करत असतं.

आता सेंटेला. ही वनस्पती आपल्याला परकी नाही. कोकणात आणि गोव्यात पाणथळ जागी, विहिरीच्या कडेला, बांधावर पसरणारी, किडनीच्या आकाराच्या दातेरी पानांची ती वेल म्हणजेच कारिवणा किंवा मंडूकपर्णी. बाजारात तिला ब्राह्मीही म्हणतात. त्यामुळे बारीक मांसल पानांच्या दुसऱ्या ब्राह्मीशी, बाकोपाशी, तिची गल्लत होते. त्या दोन वनस्पती एकमेकींच्या नात्यातल्याही नाहीत, म्हणून पावडर विकत घेऊन चेहऱ्याला लेप लावणाऱ्यांनी आधी ती कोणती आहे याची खात्री करून घ्यावी.

सेंटेलाला आधुनिक औषधात आणलं ते मादागास्करमधल्या संशोधनाने. तिथे 1940 च्या दशकात पिएर बोआतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरोगातल्या जखमांच्या संदर्भात या वनस्पतीचा अभ्यास केला. पुढे तिच्या अर्कापासून ‘मेडेकासोल’ हे मलम तयार झालं. ते फ्रान्समध्ये आणि नंतर कोरियात घराघरांत पोचलं. आज कोरियातून येणाऱ्या सिका क्रीमची लाट त्याच मलमाच्या ओळखीवर उभी आहे. वनस्पतीतली कामाची द्रव्यं चार आहेत: एशियाटिकोसाइड, मेडेकासोसाइड, एशियाटिक आम्ल आणि मेडेकासिक आम्ल. प्रयोगशाळेत ती पेशींना कोलॅजन बनवायला उद्युक्त करतात आणि दाहाचे काही संदेश मंदावतात. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या इराणमधल्या एका चाचणीत भाजलेल्या जखमांवर सेंटेलाचं 3 टक्क्यांचं मलम चांदीच्या नेहमीच्या मलमापेक्षा सरस ठरलं. पण चांदीचं ते मलम जखम भरण्याचा वेग कमी करतं असं आधीपासून माहीत आहे. त्यामुळे त्याच्याशी केलेल्या शर्यतीतला विजय थोडा सांभाळूनच वाचावा लागतो.

इथे तिन्ही द्रव्यांत एक समान धागा दिसतो. तिघांचं नाव जखमांवर झालं आहे: भाजलेल्या, चिघळलेल्या, उघड्या जखमांवर. टोनरने झोंबणारा चेहरा ही जखम नाही. जखमेवरचा पुरावा गालावर आणून चिकटवताना मधलं अंतर विक्रेते सांगत नाहीत.

आणि सेंटेलाच्या बाबतीत प्रमाणाचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. मलमात वापरला जाणारा प्रमाणित अर्क असा असतो की त्यात एशियाटिकोसाइड सुमारे 40 टक्के आणि दोन्ही आम्लं प्रत्येकी 30 टक्के असतात. टोनरवर ‘80 टक्के सेंटेला’ लिहिलेलं असतं तेव्हा तो अर्क बहुधा पानं भिजवलेलं किंवा उकळलेलं पाणी असतो. त्या पाण्यात या चार द्रव्यांचा अंश किती, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. म्हणून यादीत ‘सेंटेला एशियाटिका एक्स्ट्रॅक्ट’ या मोघम शब्दाऐवजी ‘मेडेकासोसाइड’ किंवा ‘एशियाटिकोसाइड’ असं नाव दिसलं तर निर्मात्याने निदान नेमकं काय घातलं ते सांगितलं आहे, असं समजावं.

यादी वाचायची एक युक्ती कोणालाही जमण्यासारखी आहे. 1 टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे आणि त्याहून कमी असलेले कोणत्याही क्रमाने, असा आपल्याकडचा नियम आहे. फिनॉक्सिइथेनॉल हे नेहमीचं परिरक्षक 1 टक्क्यापेक्षा जास्त घालत नाहीत. त्यामुळे यादीत ते जिथे आलं, त्याच्यानंतरचं सारं 1 टक्का किंवा त्याहून कमी. सेंटेलाचा अर्क त्याच्या मागे आणि सुगंध त्याच्याही मागे, असं चित्र फार वेळा दिसतं. चिडलेल्या त्वचेला अत्यंत क्षुल्लक प्रमाणातलं सुगंधद्रव्यसुद्धा पुरतं. म्हणून ‘सिका’ लिहिलेल्या पण सुवासिक क्रीमपेक्षा मी बिनवासाची साधी क्रीम निवडेन. तसंच क्रीमचा हिरवा रंग पाहून भुलू नये. काही डब्यांत हिरवं रंगद्रव्य असतं आणि हिरव्याखाली लाल झाकलं जातं. लावल्याबरोबर लाली कमी दिसली, तर तो रंगाचा परिणाम असू शकतो.

आता त्या पंचविशीतल्या मुलीकडे परत येऊ, कारण तिने काय करावं हेच या सगळ्याचं फलित आहे. रेटिनॉल, अ‍ॅसिडचं टोनर आणि स्क्रब आजच बंद. सकाळी फक्त कोमट पाण्याने चेहरा धुवायचा आणि रात्री फेस न होणाऱ्या सौम्य क्लेन्झरने. चेहरा टॉवेलने न घासता टिपायचा आणि तो किंचित ओलसर असतानाच क्रीम लावायची. ग्लिसरीन, पेट्रोलियम जेली किंवा डायमेथिकॉन असलेली, सुगंध नसलेली आणि शक्य असेल तर पॅन्थेनॉलही असलेली. क्रीमही झोंबत असेल तर पहिले दोन-तीन दिवस नुसती पेट्रोलियम जेली अगदी पातळ थरात. तिच्यात पाणी नसतं आणि परिरक्षकही नसतं, त्यामुळे झोंबण्यासारखं तिच्यात फारसं काही उरत नाही. मात्र मुरुमं असणाऱ्यांना तिचा चिकट थर त्रास देऊ शकतो. दिवसा बाहेर जाताना झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, टोपी किंवा ओढणी.

असं केल्यावर तीन-चार दिवसांत चुरचुर कमी व्हायला हवी. पापुद्रे दहा-बारा दिवसांत जावेत आणि लाली सर्वांत शेवटी निवळते. कधीकधी ती तीन आठवडे रेंगाळते. चेहरा पूर्ण शांत होऊन दोन आठवडे झाले की मगच रेटिनॉल हळूहळू, आठवड्यातून दोन रात्री, परत सुरू करावं. अ‍ॅसिड आणि रेटिनॉल एकाच रात्री कधीही लावू नये. सिका क्रीम खरंच काम करते का हे कोणाला पाहायचं असेल तर तो प्रयोग घरीही करता येतो. आठवडाभर एका गालावर सिका क्रीम आणि दुसऱ्या गालावर साधी बिनवासाची क्रीम लावावी आणि घरातल्या दुसऱ्या माणसाकडून, त्याला बाजू न सांगता, कुठला गाल कमी लाल आहे ते विचारावं.

नवं काही लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला सात दिवस, दिवसातून दोनदा थोडं लावून पाहावं. सेंटेलामुळे आणि पॅन्थेनॉलमुळेही स्पर्श-अ‍ॅलर्जी झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. ती विरळ असली तरी आहेत. अ‍ॅलर्जी असेल तर क्रीम लावत राहावं तशी खाज वाढत जाते आणि डाग लावलेल्या जागेच्या बाहेर पसरतो. नुसत्या थरफाटीची चुरचुर याउलट काही मिनिटांत विरते.

शांत करणाऱ्या क्रीमच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टीही आहेत. गोल, कडेला उठावदार, खाजरं आणि हळूहळू मोठं होणारं वर्तुळ म्हणजे गजकर्ण असू शकतं आणि त्याला बुरशीविरोधी औषधच लागतं. सिका क्रीम त्याला थोडा दिलासा देईल, पण ते पसरत राहील. रोझेशिया, इसब, पू धरलेली पुरळ आणि डोळ्यांभोवतीची सूज यांचंही तेच. अशा त्वचेवर दोन आठवडे घरगुती प्रयोग करून वेळ घालवू नये.

आणि शेवटी एक विनंती. औषधाच्या दुकानातून किंवा पार्लरमधून, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळालेल्या एखाद्या क्रीमने दोन दिवसांत लाली गायब झाली असेल, आणि ती बंद केली की चेहरा आधीपेक्षा जास्त पेटत असेल, तर डबीवरची नावं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं असेल तर ते स्टेरॉइड आहे. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना आपल्याकडे याचे इतके रुग्ण दिसतात की ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’ असं स्वतंत्र नाव त्यांनी या त्रासाला दिलं आहे. तिथे सेंटेला, पॅन्थेनॉल किंवा अ‍ॅलँटॉइन पुरेसं नाही. ती डबी सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि ती कशी सोडायची हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.